खरेदीखतातली नावं: तुझ्या मसुद्यावरून

प्रिय,

तू पाठवलेला खरेदीखताचा मसुदा आणि तिन्ही परिशिष्टं वाचली. क्षेत्र बरोबर आहे, गट नंबर बरोबर आहे, मोबदल्याची बेरीजही जुळते. नावं मात्र जुळत नाहीत. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर वेलांटी दिसत नाही, म्हणून लिहितो. पक्षकारांची खरी नावं इथे बदलली आहेत, घोळ मात्र जिथल्या तिथे ठेवला आहे.

लिहून देणार चौघं आहेत. आई लक्ष्मी, मुलगे विनायक आणि विलास, आणि लग्न झालेली मुलगी मंगल. आडनाव कुऱ्हाडे. जमीन वडिलांची, वारस नोंदीने चौघांच्या नावे आलेली.

पहिल्या पानावर तू आईचं नाव ‘सौ. लक्ष्मी रामचंद्र कुऱ्हाडे’ लिहिलं आहेस. तिसऱ्या पानावर, जमिनीचा इतिहास सांगताना, ‘कै. रामचंद्र कुऱ्हाडे यांच्या निधनानंतर’ असं येतं. परिशिष्ट ‘अ’मध्ये हिस्से दाखवताना त्याच बाई ‘श्रीमती लक्ष्मीबाई’ झाल्या आहेत. यातला ‘सौ.’ ही नुसती टंकनाची चूक म्हणून सोडून देऊ नकोस. या चौघांचा हक्क उभा आहे तो वडील वारले या एका गोष्टीवर, आणि ‘सौ.’ नेमकी तीच गोष्ट नाकारतो. बँकेचा वकील हे खत तपासायला बसला की इथेच थांबेल आणि मृत्यूचा दाखला मागेल. दाखला आपल्याकडे आहेच, पण आपल्याच खताने आपल्याविरुद्ध बोलावं कशाला? माझं मत विचारशील तर पक्षकारांच्या वर्णनात उपाधी लावूच नये. नाव, वय, व्यवसाय, पत्ता एवढं पुरतं. पण बऱ्याच पक्षकारांना ‘श्री.’शिवाय नाव उघडं वाटतं, आणि त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. लावायची असेल तर प्रत्येकाला एकच उपाधी ठरव आणि ती शेवटच्या सहीच्या रकान्यापर्यंत तीच ठेव.

नावाच्या पुढे लागणारी उपाधी काढली तरी नाव तेच राहतं. मागे चिकटणाऱ्या ‘राव’, ‘बाई’, ‘जी’, ‘पंत’ यांचं तसं नसतं. सातबाऱ्यावर ‘लक्ष्मीबाई’ असेल तर तलाठ्याच्या दप्तरात तेच नाव आहे, मग आधारवर नुसतं ‘लक्ष्मी’ का असेना. तुझ्या मसुद्यात याचं जास्त अवघड रूप मुलांच्या मधल्या नावात आलं आहे. पॅनवर विनायक रामचंद्र, सातबाऱ्यावर विनायक रामराव. गावात रामचंद्राला रामराव म्हणत असतील हे तुला मला कळतं, पण कागदाला कळत नाही. वडिलांचं नाव ही आपल्याकडे शोभेची गोष्ट नाही. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम २ मध्ये व्यक्तीच्या वर्णनाची जी व्याख्या आहे, तिच्यात राहण्याचं ठिकाण आणि व्यवसाय यांच्याबरोबर वडिलांचं नावही धरलेलं आहे. ते बदललं तर कायद्याच्या नजरेने माणूस दुसरा असू शकतो.

म्हणून विनायकच्या वर्णनात एकदाच, स्पष्ट लिही: ‘विनायक रामचंद्र कुऱ्हाडे, ज्यांचे नाव सातबारा उताऱ्यावर विनायक रामराव कुऱ्हाडे असे नोंदलेले आहे’. विलासच्या नावापुढेही तसंच. त्यानंतर खतभर फक्त पहिलं रूप वापर. सोबत दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र घे. पण सातबाऱ्यावर ‘विनायक’ऐवजी ‘विनोद’ पडलं असतं, तर असं वाक्य घालून मी पुढे गेलो नसतो. तिथे आधी महसुली दप्तरातलं नाव दुरुस्त करून घ्यायचं. लेखनप्रमाद असेल तर जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. त्याला वेळ लागतो, आणि खरेदीदार घाई करतो, तरीही.

आता परिशिष्ट ‘ब’, म्हणजे भरण्याचा तपशील. माझ्या लेखी तुझ्या मसुद्यातली सर्वांत धोक्याची जागा हीच. तिथे दोन धनादेशांसमोर तू ‘व्ही. आर. कुऱ्हाडे’ लिहिलं आहेस. बँकेच्या पासबुकावर तसं होतं म्हणून उतरवलं असणार. पण विनायक आणि विलास दोघेही व्ही. आर. आहेत. मराठीत ‘वि. रा.’ केलंस तरी दोघेही वि. रा. उद्या विलास म्हणाला की दोन्ही धनादेश भावाने वटवले आणि मला काही मिळालं नाही, तर हे परिशिष्ट खरेदीदाराच्या कामाचं उरत नाही. मुख्य खतात ‘संपूर्ण मोबदला मिळाला’ असं आहे खरं, पण कुणाला किती मिळाला हे सांगायची जागा परिशिष्टच होती. तिथे असं लिही: ‘विनायक रामचंद्र कुऱ्हाडे (लिहून देणार क्र. २) यांना, त्यांच्या व्ही. आर. कुऱ्हाडे या नावाच्या बचत खात्यावर’, आणि पुढे धनादेश क्रमांक, तारीख, बँक, शाखा. आद्याक्षरं खात्याच्या नावात असतील तर असू देत, माणसाच्या नावात नकोत. ‘लिहून देणार क्र. २’ हा उल्लेखही मुद्दाम ठेव. मात्र पहिल्या पानावरचा क्रम परिशिष्टात बदलणार नाही हे बघ. तुझ्या परिशिष्ट ‘अ’मध्ये विलास दुसरा आणि विनायक तिसरा झाला आहे, हे लक्षात आलं का?

मंगलचं प्रकरण त्या मानाने सोपं आहे. सातबाऱ्यावर मंगल रामचंद्र कुऱ्हाडे, आधारवर मंगला प्रकाश देशमुख. लग्नानंतर नाव आणि आडनाव बदलणं नेहमीचं आहे, आणि ‘पूर्वाश्रमीचे नाव’ म्हणून वर्णनात दोन्ही आली की काम होतं. पण मंगल की मंगला, हे तिला विचारून ठरव. तू सहा ठिकाणी मंगल लिहिलं आहेस आणि सहीच्या रकान्यात मंगला. ती सही मंगला अशीच करणार असेल तर बाकीची सहा ठिकाणं चुकीची आहेत.

परिशिष्ट ‘क’मध्ये, म्हणजे खरेदीदाराला सोपवायच्या कागदांच्या यादीत, तू उलटी गडबड केलीस. जुन्या फेरफारात ‘रामराव’ होतं, ते तू यादीत ‘रामचंद्र’ केलंस. हेतू चांगला, पण जुन्या कागदातलं नाव सुधारायचा अधिकार आपल्याला नाही. फेरफार, जुनी खतं, वाटणीपत्र यांचा उल्लेख करताना त्यातलं नाव आहे तसं, त्यातल्या चुकीसकट उतरवायचं. आजच्या पक्षकाराचं नाव एकसारखं करायचं आणि जुन्या कागदाचं जसंच्या तसं ठेवायचं, हे दोन वेगळे नियम आहेत. वर्णनातलं ते ‘ज्यांचे नाव... असे नोंदलेले आहे’ हे वाक्य त्या दोन्हींना जोडतं.

चतुःसीमेत पश्चिमेला ‘विनायकराव कुऱ्हाडे यांची जमीन’ आहे. हा आपला लिहून देणार क्र. २ आहे की त्याच नावाचा भाऊबंद, हे विचारून घे.

तपासायचं कसं, हे तू विचारलं होतंस. लिहायला बसण्यापूर्वी एका कागदावर प्रत्येकाची एक ओळ कर. त्यात पॅनवरचं नाव, आधारवरचं, सातबाऱ्यावरचं, आणि शेवटी खतात घ्यायचं ठरलेलं. पॅन इंग्रजीत असतं, त्यामुळे ह्रस्व-दीर्घाचा निर्णय त्यावरून होत नाही. मी विकणाऱ्याचं मराठी नाव सातबाऱ्याला जवळचं ठेवतो, कारण तिथून त्याचं नाव कमी व्हायचं असतं. घेणाऱ्याचं आधारप्रमाणे घेतो, कारण ते दप्तरात नव्यानेच लागणार असतं. हा शेवटचा रकाना पक्षकारांना दाखवून त्यांची सही घे, आणि मसुद्यात प्रत्येक नाव तिथूनच कॉपी कर. हाताने पुन्हा टाइप करू नकोस.

संगणकावर शोधताना एक ध्यानात ठेव. बरोबर नाव शोधलंस तर बरोबर नावंच सापडतात, चुकलेलं तेवढं लपून राहतं. म्हणून आधी कागदावर मोज की विलासचं नाव किती जागी यायला हवं, आणि मग शोधात तितकी येतात का बघ. शिवाय दिसायला सारखी अक्षरं आतून वेगळी असू शकतात. ‘कुऱ्हाडे’मधला ऱ्ह दोन पद्धतींनी टाइप होतो, आणि ‘ॲड.’चा ॲ सुद्धा. एका पद्धतीने शोधलं की दुसरा हाती लागत नाही. तुझ्या फाइलमध्ये परिशिष्टं दुसऱ्या संगणकावर झालेली दिसतात, तिथे हेच झालं आहे. आकडा कमी आला तर छापील प्रत घे.

छापील प्रत दोघांनी मिळून वाचा, पण नुसतं मोठ्याने वाचून भागत नाही, कारण ‘विनायक’ आणि ‘वीनायक’ कानाला एकच. एकाने ‘वि पहिली, ल-क्ष-मी दुसरी’ असं फोडून म्हणायचं आणि दुसऱ्याने त्या कागदावर बोट ठेवायचं. कंटाळवाणं आहे, पण चार पक्षकारांना फार वेळ लागत नाही.

एवढं करूनही नोंदणीच्या दिवशी एक जागा उरते. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर डेटा एन्ट्री करताना नावं पुन्हा वेगळी टाइप होतात. सूची क्रमांक २ वर येतात ती ही नावं, तुझ्या खतातली नव्हेत. फेरफाराचं कामही त्यावरूनच पुढे सरकतं. म्हणून नोंदणीपूर्व गोषवारा हातात आला की आधी नावं बघ, मग बाकीचं. तिथली चूक त्या क्षणी सुधारते. खताच्या छापील प्रतीत काही निघालं तर सह्यांच्या वेळीच हाताने दुरुस्ती करून तिच्याशेजारी सर्व लिहून देणाऱ्यांची सही किंवा आद्याक्षरी घे, नोंदणी अधिनियमाचं कलम २० तेच सांगतं. नोंदणी झाल्यावर मात्र चूक दुरुस्ती पत्र करावं लागतं आणि त्यासाठी सगळ्यांना पुन्हा दुय्यम निबंधकांसमोर यावं लागतं. लक्ष्मीबाईंचं वय खतात तूच ८१ लिहिलं आहेस. त्यांना दुसऱ्यांदा यायला लावायचं नाही. आणि कुणी यायलाच नकार दिला, तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम २६ खाली दिवाणी दावा, म्हणजे एका वेलांटीसाठी कोर्ट.

पुढची प्रत पाठवण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून ये: मंगल सही कशी करते, त्या दोन धनादेशांचं खातं कुणाचं आहे, आणि पश्चिमेचे विनायकराव कोण. नावांचा तो कागदही सोबत जोड.

तुझा,
दादा