‘भांडण झालं’ : प्रसंग की धावतं निवेदन?

प्रश्न : नागपूरच्या महाल भागातल्या एका कुटुंबावर कादंबरी लिहितोय. वाचणारे म्हणतात, ‘महत्त्वाचं तेच उरकलंय.’ प्रसंग आणि धावतं निवेदन यांतला फरक मजकुरात नेमका कुठे दिसतो? माझा एक तुकडा : ‘त्या रात्री दोघा भावांत कडाक्याचं भांडण झालं. एकमेकांची उणीदुणी काढली गेली. शेवटी काटोलची संत्र्याची बाग विकायचं ठरलं आणि बाबा खचून गेले.’

उत्तर : आधी क्रियापदं बघा. ‘भांडण झालं’, ‘काढली गेली’, ‘ठरलं’. तिन्ही ठिकाणी करणारा माणूस गायब आहे. मराठीत ही सोय फार सहज हाताशी येते, म्हणून उरकलेलं लिहिणाऱ्याला जाणवत नाही. बाग विकायचं ठरवलं कोणी? मोठ्यानं ठरवलं आणि बाबा गप्प राहिले, की बाबाच कंटाळून ‘विका’ म्हणाले? दोन्हींतून वेगवेगळ्या कादंबऱ्या निघतात. ‘ठरलं’ म्हटलं की ती निवड करायची राहूनच जाते. ‘शेवटी’ या शब्दाआड त्या रात्रीचे दोन-तीन तास गेलेत, आणि ‘कडाक्याचं’, ‘खचून गेले’ हे तर तुमचे निष्कर्ष झाले.

हाच तुकडा करणाऱ्यांच्या हाती देऊन पाहू :

भाऊनं इसारपावती बाबांच्या ताटाशेजारी ठेवली. “यंदाही आंबिया बहार गळला, बाबा. किती वर्षं नुसतं खत टाकायचं?”
“तू बागेत शेवटचा कधी गेला होतास, भाऊ?” धाकट्यानं विचारलं.
बाबांनी पावती उचलली, रक्कम वाचली आणि कागद पालथा करून ठेवला. “सही कोणाची आहे ही?”

ओळी थोड्याच वाढल्या. पण गोष्टीतला वेळ आणि वाचायला लागणारा वेळ आता जवळपास सारखा चालतो. प्रसंगाची खूण हीच. शिवाय इसार आधीच घेतलाय, हे लिहिता लिहिता सापडलं.

पण म्हणून प्रत्येक ‘झालं’ खोडू नका. ‘त्या वर्षी घरात दोन लग्नं झाली’ हे वाक्य त्या लग्नांवर पुढे काही अवलंबून नसेल तर उत्तम आहे. कुठे थांबायचं ते पुढची प्रकरणं सांगतात. पेन्सिल घेऊन ‘त्या रात्री’, ‘तेव्हा तू बोललास ते’ असे मागचे उल्लेख अधोरेखित करा. धाकटा पुढे म्हणत असेल, “त्या रात्रीचं तुझं बोलणं मी विसरणार नाही,” आणि ते बोलणं वाचकानं ऐकलेलंच नसेल, तर घाई तिथेच झाली आहे. माझ्या मते याहून खात्रीची चाचणी नाही.

एक अपवाद मात्र मानायला हवा. निवेदन धाकट्याच्या तोंडी असेल आणि त्याला ती रात्र आठवायचीच नसेल, तर ‘भांडण झालं’ एवढ्यावर त्यानं सुटका करून घेणं योग्यच. पण मग तो टाळतोय हे वाचकाला इतरत्र दिसलं पाहिजे : बागेचा विषय निघाला की तो उठून जातो, किंवा काटोलची बस सोडून देतो.