गावठाणाच्या ड्रोन नकाशात अहवाल अचूक, पण जमिनीवर फूटभर फरक का येतो?

प्रश्न: आमच्या गावठाणाचे ड्रोनने सर्वेक्षण केले. चार जीसीपी, म्हणजे जमिनीवर मोजलेले नियंत्रण बिंदू, घेतले. सॉफ्टवेअर चूक दीड सेंटिमीटर दाखवते, पण रोव्हर, म्हणजे दांडीवरचे अचूक जीपीएस यंत्र, घेऊन ताडून पाहिले तर गावाच्या एका बाजूला फूटभर फरक येतो. चूक कुठे झाली असेल? जीसीपी किती घ्यायला हवेत?

उत्तर:

आपण पाहिलेली दीड सेंटिमीटरची चूक बहुधा त्याच चार बिंदूंवरची आहे, जे सॉफ्टवेअरला आधीच सांगितलेले होते. त्या बिंदूंशी जुळवून घेण्यासाठीच फोटोंपासून बनवलेले गावाचे त्रिमितीय प्रतिमान वाकवलेले असते, त्यामुळे तिथे चूक कमी दिसणारच. बाकीचे गाव किती बरोबर बसले आहे, हे त्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी काही बिंदू मोजून बाजूला ठेवावे लागतात आणि नकाशा बनवताना त्यांचा आधार अजिबात घ्यायचा नसतो. त्यांना तपास बिंदू म्हणतात.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. लातूर जिल्ह्यात मांजरा नदीकाठच्या एका गावाचे काम होते. गावठाण आणि लगतची नवी वस्ती मिळून साधारण 700 मीटर लांब आणि 500 मीटर रुंद. उड्डाणाची उंची 100 मीटर होती आणि त्या उंचीवरून आमच्या 20 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल जमिनीवर सुमारे 2.7 सेंटिमीटरचा पडत होता. आदल्या दिवशी पाऊस झाला होता आणि काळ्या रानात पाऊल टाकले की बुटाला किलोभर चिखल लागत होता, म्हणून चारही जीसीपी आम्ही वेशीपासून जिल्हा परिषदेच्या शाळेपर्यंतच्या डांबरी रस्त्यावरच घेतले. अहवालात चूक 1.6 सेंटिमीटर आली आणि आम्ही खूश झालो. दुसऱ्या दिवशी रस्त्यापासून सर्वांत लांबच्या, नदीकडच्या घाटाच्या पायरीचा कोपरा रोव्हरने मोजला, तेव्हा नकाशावरील जागेपेक्षा तो 31 सेंटिमीटर बाजूला होता आणि उंचीत तर मीटरहून अधिक फरक होता.

कारण सरळ आहे. एका रेषेत असलेले बिंदू म्हणजे दाराची बिजागरी. बिजागरी कितीही पक्की बसवली तरी दार तिच्याभोवती फिरू शकते, तसे प्रतिमान त्या रेषेभोवती कलते. त्याला अडवायला उरतात ते फक्त ड्रोनच्या साध्या जीपीएसचे निर्देशांक, आणि तेच काही मीटरने चुकलेले असतात. त्यात भिंगाच्या विकृतीचे गणितही अंदाजाने सुटलेले असते. सर्व फोटो सरळ खाली पाहून, एकाच उंचीवरून घेतले की प्रतिमान परातीसारखे मध्ये दबते किंवा मध्ये फुगते. कलल्यामुळे मुख्यतः उंची बिघडते. नकाशातली आडवी सरक बहुतेक या वाकण्यातून येते. म्हणून बिंदूंच्या संख्येआधी त्यांची मांडणी पाहावी. आपले चार बिंदू कुठे होते हे आपण लिहिलेले नाही, पण फरक एकाच बाजूला येतो यावरून ते दुसऱ्या बाजूला गोळा झाले असावेत असा माझा अंदाज आहे.

पुन्हा काम केले तेव्हा आम्ही घरांच्या बाहेर, उड्डाणक्षेत्राच्या चार कोपऱ्यांजवळ चार, लांब बाजूंच्या मध्यावर दोन आणि आत शाळेचे मैदान व देवळासमोरचे पटांगण येथे दोन, असे आठ नियंत्रण बिंदू घेतले. शिवाय पाच तपास बिंदू वस्तीत विखरून ठेवले. एवढ्या गावाला इतके पुरतात. अरुंद बोळात किंवा माळवदाच्या भिंतीला लागून बिंदू घेऊ नये, कारण तो मोजक्याच फोटोंत दिसतो आणि रोव्हरलाही तिथे पुरेसे आकाश मिळत नाही.

खूण चुन्याने करण्याचा मोह होतो. स्वामित्व योजनेत घरांच्या हद्दी चुन्यानेच आखल्या जात असल्याने गावकरीही तेच सुचवतात. परंतु दुपारच्या उन्हात पांढरा चुना फोटोत इतका फुलतो की त्याचा मध्य नेमका कुठे हे ठरवता येत नाही. आम्ही दोन फूट चौरस फ्लेक्सचे तुकडे घेतले, त्यांवर बुद्धिबळाच्या पटासारखे चार काळे-पांढरे चौकोन छापले आणि प्रत्येक कोपऱ्यात लांब खिळा ठोकला. असा तुकडा फोटोत बावीसेक पिक्सेलचा दिसतो आणि मध्यबिंदूवर बोट ठेवता येते. रोव्हरला ‘फिक्स’, म्हणजे सेंटिमीटरपर्यंत पक्की जागा, मिळाल्याशिवाय वाचन घेऊ नये. ‘फ्लोट’वरचे, म्हणजे जागा अजून पक्की न झालेले, वाचन टाकूनच द्यावे. दांडी दोन पायांच्या आधारावर, बबल मधोमध ठेवून उभी करावी आणि प्रत्येक बिंदू उड्डाणाच्या आधी व नंतर असा दोनदा मोजावा. आमच्या एका बिंदूवर दोन मोजण्यांत 19 सेंटिमीटरचा फरक निघाला. जाऊन पाहिले तर बैलगाडीच्या चाकाने फ्लेक्स ओढला गेला होता आणि कोणीतरी तो मोठ्या आस्थेने पुन्हा नीट पसरून ठेवला होता!

फोटो जोडून नकाशा बनवणाऱ्या मेटाशेप या सॉफ्टवेअरमध्ये तपास बिंदू ठेवायचा असेल तर `Reference` पटलात त्या बिंदूपुढची खूण काढावी. मात्र खूण काढून लगेच आकडा वाचू नये. आधीच्या गणितात तो बिंदू मिसळलेला असतो, म्हणून `Optimize Cameras` पुन्हा चालवावे आणि मगच `Check points` ची चूक पाहावी. साध्या जीपीएसचा ड्रोन असेल तर त्याच वेळी कॅमेऱ्यांच्या निर्देशांकांपुढच्या खुणाही काढून टाकाव्यात. मराठवाड्याचा जवळजवळ सर्व भाग यूटीएमच्या 43 व्या पट्ट्यात येतो, त्यामुळे निर्देशांकप्रणाली `EPSG:32643` निवडावी.

दुसऱ्या वेळी आमच्या नियंत्रण बिंदूंवरची चूक 1.6 वरून वाढून 2.3 सेंटिमीटर झाली आणि तपास बिंदूंवरची चूक आडव्या दिशेत 4, तर उंचीत 7 सेंटिमीटर आली. पहिला आकडा वाढलेला पाहून घाबरू नये. सगळीकडून ताणलेले प्रतिमान कोणत्याच एका बिंदूची मर्जी पूर्ण राखू शकत नाही.

तपास बिंदूही ज्या चुका पकडत नाहीत, त्यांपैकी एक बेसची, म्हणजे रोव्हरला दुरुस्ती पुरवणाऱ्या स्थिर यंत्राची. बेस नुसता उभा करून त्याने स्वतः काढलेली जागा खरी मानली, तर अख्खा नकाशा एक-दोन मीटर सरकतो. आतील अंतरे बरोबर आणि तपास बिंदूही त्याच बेसवरून मोजलेले, म्हणून अहवाल निर्मळ दिसतो. बेस भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स, म्हणजे सतत चालणाऱ्या संदर्भ केंद्रांच्या, जाळ्याशी जोडावा किंवा ज्ञात बिंदूवर उभारावा. आपला भूखंड दरवर्षी सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो, म्हणून एका ठिकाणचे निर्देशांक 2005 सालच्या संदर्भाचे आणि दुसरे आजच्या तारखेचे असतील, तर तेवढ्यानेच मीटरभर फरक पडतो. गूगलच्या उपग्रह चित्रावर नकाशा टाकून ताळा करू नये. ते चित्रच काही मीटर इकडेतिकडे असू शकते.

आपला फरक घरांच्या कोपऱ्यांवरच मोजलेला असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. वरून दिसते ती पत्र्याची कड, भिंत नव्हे. पत्रा भिंतीबाहेर फूट-दीड फूट येतो आणि हा फरक कितीही जीसीपी घेतले तरी जाणार नाही. ताळा नेहमी जमिनीवरच्या गोष्टीवर करावा: ओट्याचा कोपरा, गटारीच्या झाकणाची कड, हातपंपाचा चौथरा.