सकाळचा पेंडिंग रिपोर्ट: नव्या कर्मचाऱ्यांच्या शंका

नवी तुकडी आली की पहिल्या आठवड्यात हेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं लिहूनच देतो. पेंडिंग रिपोर्ट म्हणजे अजून निकाली न निघालेल्या प्रकरणांची रोज सकाळी येणारी यादी. तिची मांडणी ऑफिसागणिक बदलते, पण सेक्शन बहुधा चारच असतात: मुदत उलटलेली, आज मुदत असलेली, बाहेरच्या उत्तरासाठी थांबलेली आणि कुणाच्याच नावावर नसलेली प्रकरणं.

काल काम संपवलं, तरी आज माझ्या नावावर दिसतंय. रिपोर्ट चुकलाय का?

बहुतेक वेळा नाही. उत्तर पाठवलंत, पण नोंदीचं स्टेटस ‘निकाली’ केलंत का? केलं असेल तर रिपोर्टच्या माथ्यावर बघा, माहिती किती वाजेपर्यंतची आहे.

आज रिपोर्ट रिकामा आला. म्हणजे काहीच पेंडिंग नाही ना?

असं धरून चालू नका. रिपोर्ट तयार करणारी प्रक्रिया मध्येच अडकली तरी कागद रिकामाच येतो. आधी माथ्यावरची तारीख बघा, मग बेरीज जुळवा. कालची शिल्लक अधिक नवी आवक, वजा निकाली निघालेली, म्हणजे आजची शिल्लक. काल 42 होती, 9 आली, 11 निकाली निघाली, तर आज 40 हवीत. 37 दिसली तर 3 प्रकरणं दुसऱ्या विभागाकडे गेलीत किंवा कुठल्याच सेक्शनमध्ये न बसणाऱ्या स्टेटसवर पडलीत. ती शोधा. सापडली नाहीत तर त्याच सकाळी वरिष्ठांना सांगा, उद्यावर टाकू नका.

सुरुवात कुठून करायची? सगळ्यात जुन्यापासून?

नाही. आधी कुणाच्याच नावावर नसलेली वाटून घ्या, कारण त्यांचे दिवस मोजले जात असतात आणि बघणारं कुणी नसतं. मग आज मुदत असलेली, ती अजून वाचू शकतात. मुदत उलटलेल्यांची यादी मात्र सकाळीच वरिष्ठांपुढे ठेवा. त्यांचा क्रम ते ठरवतील.

‘बाहेरच्या उत्तरासाठी थांबलेली’ हा सेक्शन रोज बघायची गरज नाही असं जुने लोक सांगतात. शिवाय अधूनमधून शेरा टाकला की प्रकरण ताजं दिसतं म्हणे. खरं का?

हे कोण शिकवतं, देव जाणे. सगळ्यात जास्त बघायचा सेक्शन हाच. बऱ्याच व्यवस्थांमध्ये प्रकरण इथे टाकलं की मुदतीचं घड्याळ थांबतं. मग ते कधीच ‘मुदत उलटलेली’त जात नाही, लाल होत नाही आणि कुणाच्या डोळ्यावर येत नाही.

एक प्रकरण घ्या. अर्ज 3 तारखेला आला, मुदत 10 दिवस. 7 तारखेला एक कागद मागवला आणि स्टेटस ‘थांबलेलं’ केलं. 4 दिवस संपले, 6 उरले. कागद 11 तारखेला आला, पण आवक टेबलावर नवं पत्र म्हणून चढला आणि जुन्या क्रमांकाशी जोडलाच गेला नाही. 24 तारखेला अर्जदाराने चौकशी केली तेव्हा कळलं. खरी मुदत 17 तारखेलाच संपली होती, पण रिपोर्टमध्ये प्रकरण निवांत थांबलेलं. त्यात आज स्टेटस बदललं तर व्यवस्था उरलेले 6 दिवस 24 पासून मोजेल आणि 30 तारीख दाखवेल. म्हणून कागद मिळाल्याची खरी तारीख, 11, हीच भरायची. व्यवस्था मागची तारीख घेत नसेल तर शेऱ्यात तसं लिहा आणि पुढे काय करायचं ते वरिष्ठांना विचारा. स्वतःच्या मनाने तारखा फिरवू नका.

असं प्रकरण ओळखायचं तर यादी ‘शेवटची कृती’ या रकान्याने लावू नका, ‘कधीपासून थांबलेलं’ या रकान्याने लावा. ‘संपर्क चालू आहे’ असा शेरा टाकला की शेवटची कृती आजची होते, काम मात्र तिथंच असतं. ही हातचलाखी आहे आणि ती तपासणीत उघडी पडते. प्रत्येक नोंदीत काय मागवलं, कुणाकडून आणि स्मरणपत्र कधी द्यायचं, एवढं असायलाच हवं. स्मरणपत्राची तारीख आली की आधी आवक नोंदवहीत पाठवणाऱ्याच्या नावाने शोधा. क्रमांकाने शोधलंत तर न जोडलेलं पत्र सापडणारच नाही. तिथेही नसेल तरच स्मरणपत्र पाठवा. आलेला कागद पुन्हा मागवला की अर्जदार चिडतो आणि ते रास्तच आहे.

एकच अर्ज दोन क्रमांकांनी दिसतोय. एक बंद करून टाकू?

विचारल्याशिवाय नको. कोणत्या क्रमांकाची तारीख आधीची ते बघा आणि दोन्ही क्रमांक वरिष्ठांकडे द्या.

मुदतीत सुट्ट्या धरतात का?

कुठे धरतात, कुठे नाही. तुमच्या व्यवस्थेत काय ठरलंय ते विचारून घ्या, बोटांवर मोजू नका.