मागच्या सीटचा बेल्ट: घोषवाक्य कुणासाठी, कुठे आणि कोणत्या शब्दांत

‘सीट बेल्ट लावा, जीव वाचवा’ असा फलक आम्ही सोसायटीच्या गेटवर लावला. पुढे बसणारे बेल्ट लावतात, मागचे ढिम्म हलत नाहीत. चुकतंय कुठे?
(गृहनिर्माण संस्थेच्या सचिव, ठाणे)

मागे बसलेला माणूस तो फलक वाचतो आणि सोडून देतो, कारण आपल्या जिवाला धोका आहे असं त्याला वाटतच नाही. त्याच्यासमोर काच नाही, स्टिअरिंग नाही, आहे ती पुढच्या सीटची गुबगुबीत पाठ. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ९१ टक्के लोकांनी पुढे बसल्यावर नेहमी बेल्ट लावतो असं सांगितलं, मागच्या सीटबाबत मात्र ७२ टक्क्यांनीच. न लावणाऱ्यांपैकी अनेकांनी दिलेलं कारण होतं: मागची सीट सुरक्षित असते. ज्याला भीतीच वाटत नाही त्याला ‘जीव वाचवा’ सांगून काही होत नाही. त्याचा जो समज आहे, त्यालाच हात घालावा लागतो.

त्यासाठी धडकेत काय घडतं ते नीट समजून घ्या. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. समजा आई पुढे बेल्ट लावून बसली आहे आणि तिच्या बरोबर मागे ६० किलो वजनाचा मुलगा बेल्टशिवाय. गाडी समोर आदळली. मुलाने बेल्ट लावला असता तर गाडीचं नाक चेपत जाताना तोही गाडीबरोबर थांबत गेला असता. बेल्ट ताणला जातो ते अंतर धरून त्याला थांबायला साधारण ६० सेंटिमीटर मिळाले असते आणि अंगावर सरासरी एक टन वजनाइतका जोर आला असता. बेल्ट नसल्याने गाडी थांबली तरी मुलगा त्याच वेगात पुढे जातो, समोरच्या सीटवर आपटतो आणि १५ सेंटिमीटरच्या आसपास अंतरात थांबतो. अंतर चौपट कमी, म्हणून जोर चौपट: जवळपास चार टन. हा जोर जातो सीटच्या पाठीवर. आई बेल्टने पुढून धरलेली आहे आणि मागून सीट तिच्यावर येते. तिने नियम पाळला, तरी ती मधे चिरडली जाते. २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या जपानी अपघातांच्या अभ्यासात, मागचे प्रवासी बेल्टशिवाय असले तर पुढच्या बेल्ट लावलेल्यांच्या मृत्यूचा धोका जवळपास पाचपट होतो, असं दिसलं.

घोषवाक्याने हेच सांगायला हवं. स्वतःबद्दल निर्धास्त असलेला माणूस पुढे बसलेल्या आपल्या माणसाबद्दल निर्धास्त राहू शकत नाही. म्हणून तुमच्या गेटसाठी असं काही करून पाहा:

‘पुढे बाबा, मागे तू. बेल्ट लाव, मगच निघू.’

यात चार गोष्टी आहेत. मागच्या माणसाला थेट हाक आहे, पुढे कोण बसलंय याची आठवण आहे, काय करायचं ते एका क्रियापदात आहे, आणि ते कधी करायचं तेही ठरलेलं आहे: गाडी हलण्याआधी. यमकाने ते तोंडात बसतं, विशेषतः मुलांच्या. मुलं बाबांना ऐकवतात तेव्हा फलकापेक्षा जास्त काम होतं.

आम्ही अपघाताचे खरे फोटो लावून लोकांना हादरवायचं ठरवलंय. जितकं भीषण, तितका परिणाम जास्त, बरोबर ना?
(राष्ट्रीय सेवा योजनेचा विद्यार्थी, सांगली)

नाही. नुसतं भीषण दिसलं की माणूस नजर वळवतो, किंवा ‘ते लोक बेफाम चालवत असणार’ म्हणून स्वतःला त्यातून वगळतो. भीती उपयोगी पडते ती दोन अटींवर: धोका आपल्याला कसा गाठतो ते दिसलं पाहिजे आणि त्यातून सुटण्याची सोपी कृती त्याच क्षणी हाती मिळाली पाहिजे.

ब्रिटनची १९९८ सालची टीव्ही जाहिरात हे याचं चांगलं उदाहरण आहे. तिथे मागे बसणाऱ्या प्रौढांना बेल्टची सक्ती १९९१ पासून होती, तरी सवय पक्की नव्हती. जाहिरातीत आई गाडी चालवते आणि किशोरवयीन मुलगा तिच्या मागे बेल्टशिवाय बसलेला असतो. धडक होते, मुलगा पुढे फेकला जाऊन आईला चिरडतो. बहुतेक बळींप्रमाणे तीही आपल्या मारेकऱ्याला ओळखत होती, अशा अर्थाचं निवेदन मागून येतं. शेवटी सांगणं एवढंच: मागे बेल्ट लावा, सगळ्यांसाठी. धक्का जबर आहे, पण तो रक्ताचा नाही. तो नात्याचा आहे, आणि त्यामागची यंत्रणा दोन सेकंदांत कळते.

आपल्याकडे ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात मागे बसलेले सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल गेले, पुढचे दोघे वाचले. मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी प्राथमिक तपासानंतर सांगितलं. तेव्हा काही आठवडे सगळीकडे मागच्या बेल्टची चर्चा होती. बातमीच्या धक्क्याची मुदत तेवढीच असते. त्यामुळे फोटो शोधण्यात वेळ घालवू नका. खऱ्या अपघातग्रस्तांचे फोटो त्यांच्या घरच्यांच्याही डोळ्यांसमोर येतात, हेही लक्षात ठेवा. एक साधं रेखाचित्र काढा: पुढे बसलेली बाई, मागचा तरुण, आणि त्याच्याकडून तिच्या पाठीकडे जाणारा एक बाण. खाली ओळ: ‘मागचा बेल्ट पुढच्यालाही वाचवतो.’

‘मागे बेल्ट नाही तर १००० रुपये दंड’ असं सरळ लिहिलं तर? आपल्या लोकांना पैशाचीच भाषा कळते.
(वाचक, नाशिक)

दंड खरा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ बी नुसार बेल्ट न लावल्यास हजार रुपये, आणि केंद्रीय मोटार वाहन नियम १३८(३) मध्ये समोर तोंड असलेल्या मागच्या सीटवरचे प्रवासीही येतात. १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा बालआसनाशिवाय असेल तर जबाबदारी चालकाची. अनेकांना हे ठाऊकच नाही, म्हणून एकदा सांगणं उपयोगाचं आहे.

पण दंडाचं घोषवाक्य चालतं ते रस्त्यावर तपासणी दिसत असेल तरच. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात १९९३ साली ‘बेल्ट लावा नाहीतर पावती’ अशा अर्थाची मोहीम निघाली आणि पुढे देशभर पसरली, कारण जाहिरातींबरोबरच पोलीस तपासणी नाके लावून खरोखर पावत्या फाडत होते. तुमच्या रस्त्यावर मागच्या सीटकडे कुणी बघत नसेल, तर आठवड्याभरात लोकांना ते कळतं आणि फलक पोकळ ठरतो. वाहतूक पोलिसांची मोहीम आधी ठरवून घ्या, मग त्या आठवड्यापुरता हा फलक लावा.

माझ्या सहा कॅब आहेत. मागे स्टिकर लावले, तरी ग्राहक बेल्ट लावत नाहीत. ड्रायव्हरने किती बोलायचं?
(टॅक्सीमालक, पुणे)

आधी गाडीत मागे बसून स्वतः तीनही बेल्ट लावून पाहा. बहुतेक कॅबमध्ये अडचण इथेच असते. सीट कव्हर चढवताना बकल सीटच्या फटीत दाबली जातात किंवा कव्हरखाली जातात. ग्राहक पट्टा ओढतो, लावायला जागा सापडत नाही, दोन वेळा चाचपडतो आणि सोडून देतो. त्यानंतर कुठलंही घोषवाक्य त्याला टोचणीच वाटणार. कव्हरला बकलच्या जागी चीर देऊन काठ शिवून घ्या, तीनही बकल वर उभी राहतील असं करा. मधल्या पट्ट्याची जीभ बऱ्याच गाड्यांत बाजूच्या बकलमध्ये बसत नाही, त्यामुळे कुठलं बकल कुठल्या पट्ट्याचं हे जुळवून ठेवा. पट्टा धुळीने जड झाला असेल तर पूर्ण बाहेर ओढून सौम्य साबणाच्या पाण्याने पुसा आणि वाळल्यावरच आत जाऊ द्या. बेल्टचा इशारा बंद करायच्या नकली क्लिपा गाडीत असतील तर फेकून द्या.

मग स्टिकर. तो मागच्या काचेवर लावला असेल तर ग्राहकाच्या पाठीमागे गेला. दारावर असेल तर दार उघडताना कुणी वाचत नाही. पुढच्या दोन्ही सीटच्या पाठीवर, बसलेल्या माणसाच्या नजरेसमोर लावा. अंतर ६०-७० सेंटिमीटर असतं, तेव्हा दीड सेंटिमीटर उंचीची अक्षरं पुरतात. दोन ओळींत थोडी जास्त जागा सोडा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकतात. मजकूर सहा-सात शब्दांचा: ‘जवळच जायचंय? तरीही मागचा बेल्ट लावा.’ कॅबमध्ये ही ओळ मुद्दाम सुचवतो, कारण ‘दहा मिनिटांचा तर प्रवास’ ही तिथली नेहमीची सबब आहे.

ड्रायव्हरने एकच वाक्य बोलावं, ओटीपी घेतल्यावर आणि गिअर टाकण्याआधी: ‘बेल्ट लावून घ्या, मग निघू.’ बोलल्यावर चार-पाच सेकंद थांबावं. बहुतेक जण त्या थांबण्यामुळेच पट्टा ओढतात. उपदेश करू नये, दंडाचं नाव काढू नये.

सासूबाई म्हणतात, ‘मी मागे बसलेय, मला काय होणार?’ शिवाय पट्टा गळ्याला लागतो. घरातल्या माणसाला घोषवाक्य कसं ऐकवायचं?
(वाचक, कोल्हापूर)

घोषवाक्य नकोच, आधी पट्टा नीट करा. खालचा भाग पोटावर नको, मांड्यांच्या वर कमरेच्या हाडांवर घट्ट बसवा. वरचा भाग खांद्याच्या मधून छातीवर यावा. बुटक्या माणसाच्या तो गळ्याला घासतो. त्यांना पाठ सीटला टेकवून सरळ बसवा, दाराकडे चिकटून बसल्या असतील तर जराशा आत सरकवा. पातळ उशी खाली घालू नका, ती घसरते आणि कमरेचा पट्टा पोटावर चढतो. पट्टा काखेखालून घेऊ देऊ नका, धडकेत सगळा जोर बरगड्यांवर येतो.

आणि बोलायचं ते नातवाच्या तोंडून: ‘आजी, तुझा बेल्ट लागला की बाबा गाडी काढणार.’ यात त्यांच्याशी वाद नाही आणि त्यांना काही कबूलही करावं लागत नाही.

घोषवाक्य चाललं की नाही, हे ओळखायचं कसं?
(महाविद्यालयीन प्राध्यापिका, छत्रपती संभाजीनगर)

लोकांना ‘आवडलं का’ विचारू नका. ‘तुम्ही बेल्ट लावता का’ हेही विचारू नका, न लावणारेही हो म्हणून मोकळे होतात. मोजा. दोन फाटकं निवडा, एकावर नवा फलक लावा, दुसऱ्यावर काहीच नको. दोन्हीकडे फलकाआधी आणि दोन आठवड्यांनी, त्याच वारी, त्याच वेळेला, मागे बसलेले १०० प्रौढ प्रवासी बघा आणि कागदावर दोनच रेघा ओढा: बेल्ट आहे, बेल्ट नाही. गाडी संथ होते तिथे उभे राहा. काळ्या काचांमुळे आत दिसलं नाही तर ती गाडी सोडा, अंदाज लिहू नका.

आकडा १० वरून १४ वर गेला तर खूश होऊ नका, १०० माणसांत एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. १० वरून २५ वर गेला आणि दुसऱ्या फाटकावर जैसे थे राहिला, तर फलकाने काम केलं असं धरायला हरकत नाही. तरी दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. एकच ओळ रोज डोळ्यांसमोर असली की लोकांना ती दिसेनाशी होते, त्यामुळे बहुतेक वेळा आकडा घसरलेला दिसतो. तेव्हा फलक काढून दुसरी ओळ लावा आणि पुन्हा १०० प्रवासी मोजा.