अर्जाच्या ईमेलमध्ये बॅकलॉग कुठे लिहावा?

प्रश्न: मी सांगलीचा, मेकॅनिकलचा शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी. सीजीपीए 6.1 आहे. दोन विषय राहिले होते, त्यातला एक अजून बाकी आहे. नोकरीच्या ईमेलमध्ये हे सांगायचे का? सांगितले तर कोणी उत्तर देईल का?

उत्तर: सांगायचे, मात्र सुरुवातीला नाही. मिरज एमआयडीसीतील एका यंत्रभागांच्या कारखान्यात नवख्यांचे अर्ज माझ्याकडे येतात. त्यांतील बहुतेकांची सुरुवात ‘मी मेहनती व प्रामाणिक आहे, गुण कमी असले तरी...’ अशी असते. त्यातून उमेदवाराला काय येते हे कळत नाही, उणीव मात्र आधी कळते.

गेल्या वर्षी तासगावच्या एका मुलाने असाच अर्ज मला आधी दाखवायला आणला. त्याच्या प्रकल्पात कुपवाडच्या एका वर्कशॉपसाठी ड्रिलिंग जिग तयार झाला होता, पण ते शेवटच्या ओळीत गेले होते. आम्ही क्रम उलटा केला. विषयाच्या ओळीत पदाचे नाव व ‘ड्रिलिंग जिगचा प्रकल्प’ एवढेच ठेवले, आणि मजकूर असा झाला:

> आमच्या चौघांच्या प्रकल्पात जिगचे सॉलिडवर्क्समधील ड्रॉइंग व क्लॅम्पची रचना माझ्याकडे होती. 30 नगांवर वेळ मोजला असता एक नग बसवून काढण्यास सरासरी 4 मिनिटांऐवजी दीड मिनिट लागले. ड्रॉइंग सोबत जोडले आहे.
>
> सहाव्या सत्रापर्यंत माझा सीजीपीए 6.1 आहे. दोन बॅकलॉगपैकी थर्मोडायनॅमिक्स मी उत्तीर्ण झालो असून हीट ट्रान्सफर बाकी आहे. त्याची परीक्षा याच सत्राअखेरीस देणार आहे.

‘चौघांच्या’ हा शब्द त्याला खटकत होता, परंतु मुलाखतीत पहिला प्रश्न ‘यात तुझे काय?’ हाच येतो. दुसऱ्या परिच्छेदात आजारपण, घरची अडचण, अवघड पेपर असे काहीही नाही, कारण तिथे फक्त स्थिती कळायला हवी; कारण विचारले तर समोर बसून सांगता येते. उत्तीर्ण झालेला आणि बाकी असलेला विषय वेगळे लिहिणे महत्त्वाचे आहे, कारण अनेक कंपन्यांची अट बाकी विषयांपुरतीच असते, तर काही ठिकाणी एकूण बॅकलॉगही विचारतात. नुसते ‘दोन बॅकलॉग’ लिहिले की वाचणारा दोन्ही बाकी धरतो.

सीजीपीएची टक्केवारी मागितली असेल, तर आपल्या विद्यापीठाचेच सूत्र वापरावे. सरसकट दहाने गुणू नये. रुजू होताना सर्व सत्रांच्या गुणपत्रिका मागतात आणि तिथे आकडा जुळला नाही, तर हातात आलेले नियुक्तिपत्रही रद्द होऊ शकते.

जाहिरातीतच ‘एकही विषय बाकी नसावा’ असे असेल, तर ईमेल कितीही नेटका असला तरी बहुधा उपयोग होत नाही. मोठ्या कंपन्यांच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये तो रकाना भरताच अर्ज बाजूला पडू शकतो. अशा कंपन्या निकालानंतरसाठी ठेवा. सध्या कुपवाड, मिरज, पलूस भागातील लहान कारखान्यांना लिहा, जिथे मालक किंवा उत्पादन व्यवस्थापक स्वतः ईमेल उघडतो आणि सोबतचे ड्रॉइंगही पाहतो.