काम घरंगळून कुणाकडे जातं?

प्रश्न: मुलगा १४ वर्षांचा, मुलगी ११ ची. ती न सांगता भांडी, झाडलोट करते; तो पाण्याचा ग्लाससुद्धा बसल्या जागी मागतो. सासूबाई म्हणतात, "पोराला कुठं बायकांच्या कामाला जुंपता?" सांगून सांगून थकले. सुरुवात कुठून करू?

ताई, मी सोलापूरचा, टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. आमच्याकडंही दोन वर्षांपूर्वी हेच होतं. मुलगा चौदाचा, मुलगी अकराची, आणि घरात माझी आई.

एका रविवारी मी कॅलेंडरच्या मागं रेघा मारत बसलो. कुणाच्या हाकेला कोण उठतं, एवढंच. रात्रीपर्यंत मुलीच्या नावावर चौदा रेघा झाल्या. त्यातल्या सहा भावाच्या हाकेच्या, तीन आजीच्या आणि पाच माझ्या. चष्मा, पाणी, चार्जर, पेपर, परत पाणी. पोरगं कुणाकडं बघून शिकलं ते शोधायला लांब जावं लागलं नाही. म्हणून पहिला महिनाभर मुलाला काहीच सांगितलं नाही. फक्त माझ्या पाच रेघा मी बंद केल्या आणि जेवण झालं की माझं ताट मी घासायला लागलो.

दुसरं म्हणजे "आईला मदत कर" हे वाक्य टाकून दिलं. मदत म्हटलं की काम आईचंच राहतं आणि पोराचे उपकार होतात. त्यापेक्षा एक अख्खं काम द्यायचं, आणि ते आठवणीत ठेवण्याची जबाबदारीसुद्धा त्याचीच.

इथं आमची चूक झाली. पहिलंच काम दिलं पाणी भरायचं. सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांनी येतं, कधी पहाटे तर कधी मध्यरात्री. तोटी उघडी ठेवून कान लावून झोपावं लागतं. पहिलं गढूळ सोडून द्यायचं, पिण्याचं गाळून घ्यायचं, मग हौद, मग ड्रम. दुसऱ्याच पाळीला पोरगं झोपून राहिलं. मी ठरवून उठलो नाही, पण बायको गुपचूप उठली. सकाळी मी चिडलो तर म्हणाली, "तुमच्या प्रयोगापायी चार दिवस घर कोरडं ठेवू का?" तिचंच बरोबर होतं. चुकल्यावर सगळ्या घराला भोगावं लागतं ते काम पहिलं द्यायचं नसतं, कारण कुणीतरी ते सावरतंच आणि पोराला एवढंच कळतं की आपण नाही केलं तरी होतं.

मग पाणी काढून घेतलं आणि त्याचे शाळेचे शर्ट त्याच्याकडं दिले. यात चुकलं तर त्याचं त्यालाच. बायकोनं एकदा समोर बसून दाखवलं: रात्री साबणाच्या पाण्यात भिजत घालायचे, कॉलर आणि बाह्यांच्या कडा आधी ब्रशनं घासायच्या, खळखळून दोनदा पिळायचे, उलटे करून वाळत टाकायचे. तीन शर्ट, आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटांचं काम. पहिल्या आठवड्यात कॉलर काळीच राहिली. आईचे हात शिवशिवले, पण आम्ही कुणी परत धुतला नाही. पोरं काम मुद्दाम वाईट करतात, म्हणजे पुन्हा कुणी सांगत नाही, आणि आपणही लगेच "सोड, मीच करते" म्हणतो. नीट जमत नाही की जमवायचं नाही, हे ओळखायचं सोपं आहे. तो सायकलची चेन घासून लख्ख करतो का? मग कॉलरही निघते.

दुसऱ्या आठवड्यात तो भिजत घालायलाच विसरला. मला वाटलं, आता मळका घालून जाईल आणि शिकेल. सकाळी बघतो तर शर्ट धुतलेला आणि इस्त्री केलेला. मुलीनं रात्री केला होता. का, विचारलं तर म्हणाली, "दादाला सर ओरडले असते."

खरी मेख मला तिथं सापडली. पोरगा आळशी आहे हे अर्धंच. त्याच्या हातून सुटलेलं काम जमिनीवर पडतच नाही. बायको, आई, मुलगी, तिघींपैकी कुणीतरी ते वरच्या वर झेलतं. त्याला शंभरदा सांगण्यापेक्षा हे झेलणं थांबवणं महत्त्वाचं. मुलीला मी रागावलो नाही. तिला सांगितलं, दादाचा शर्ट हे तुझं काम नाही, त्याला आठवण करून देणं हेही नाही. "किती गुणी बाई" म्हणणंही बंद केलं, कारण तेवढ्या शब्दांवर ती राबत होती. आणि त्यानं ताट उचललं की आजी टाळ्या पिटायची, त्याही बंद.

आजीशी वाद घालून काही होत नाही. नातवाला कामाला लावलं म्हणजे त्याचा अपमान केला असं तिला वाटायचं. म्हणून त्याला तिच्याकडंच भाकरी शिकायला बसवलं. शिकवायचं म्हटल्यावर म्हातारी खुलली. पीठ दळून फार दिवस झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी कडेनं चिरते, हे तिनं सांगितलं. मग गरम पाण्यात मळायचं, परातीत थापताना खाली कोरडं पीठ भुरभुरायचं, तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी सुकायच्या आत उलटायची. महिनाभर त्याच्या भाकरीचे नकाशे होत होते. आम्ही शेंगाच्या चटणीबरोबर ते नकाशे खाल्ले. आता रविवारच्या भाकरी तो करतो, आणि "बायकांचं काम" हा शब्द आजीच्या तोंडून कमी झाला. गेला असं म्हणत नाही.

पाणी त्याला सहा महिन्यांनी परत दिलं. आता गजर तोच लावतो. ड्रमवर झाकण आणि आठवड्याला एकदा ड्रम रिकामा करून आतून घासणं, हेही त्याच्याच कामात. डेंगीच्या डासाची अंडी ड्रमच्या भिंतीला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. हे कारण समजल्यावर घासायला त्यानं कुरकुर केली नाही.

एक गोष्ट मात्र तपासत राहा: मुलाचं काम वाढलं म्हणून मुलीचं कमी झालं का? आमच्याकडं आधी झालंच नाही. मोकळ्या वेळात तिच्याकडं दुसरंच काहीतरी सरकायचं. शेवटी संध्याकाळी पाच ते सात तिला हाक मारायची नाही असं ठरवलं. पहिले काही दिवस ती नुसती झोपली. २०१९ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात गेलेली दिसतात, करणाऱ्या पुरुषांची ९७. आणि मुळात त्या दिवशी घरकाम केलेले पुरुषच चारात एक. त्यात सहा वर्षांपासूनची माणसं धरली आहेत. म्हणजे माझी अकरा वर्षांची पोरगी त्या मोजणीत आधीच बसत होती.

गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे आले तेव्हा पोरगं वाढायला उठलं आणि एक काका हसले. पोरगं जागीच थबकलं. मी भाजीचं पातेलं उचललं आणि त्याला म्हटलं, "तू भाकरी घे, मी मागनं येतो." काकांना उत्तर देत बसलो असतो तर पोरगं तिथंच लाजून बसलं असतं.

सगळं जमलं असं समजू नका. शर्ट, भाकरी, पाणी झालं. पण "आज भाजी कुठली?" हा प्रश्न रोज सकाळी पोरगं आईलाच विचारतं. मीही तिलाच विचारतो. त्यावर अजून काही सुचलेलं नाही.