दोन शेतकरी, दोन पिकं: तौलनिक लाभाची प्रश्नोत्तरे

प्रश्न : एक शेतकरी दोन्ही पिकांत सरस असेल, तर त्याने दुसऱ्याशी देवघेव का करावी? अकरावीच्या वर्गात माझी स्लाइड दरवेळी इथेच अडते.

तुमच्या तक्त्यात फक्त उत्पादन असणार, म्हणून मुलांची नजर 'कोण जास्त पिकवतो' यावरच खिळते. सोलापूरकडचे दोन शेजारी घ्या, अण्णा आणि काकू. दोघांचं रान चार-चार एकर. आकडे समजण्यापुरते आहेत. अण्णांच्या विहिरीला भरपूर पाणी. त्यांनी सगळ्या रानात ज्वारी पेरली तर 40 क्विंटल, सगळा कांदा लावला तर 400 क्विंटल. काकूंचं रान काळं, ओल धरून ठेवणारं, पण विहीर उन्हाळ्याआधीच तळ गाठते. त्यांना ज्वारी 30 क्विंटल, कांदा मात्र 150.

आता तिसरा रकाना जोडा : एक क्विंटल ज्वारीसाठी किती कांदा सोडावा लागतो? अण्णांना 10 क्विंटल, काकूंना 5. हाच संधी खर्च. अण्णा ज्वारीत सरस असूनही त्यांची ज्वारी महाग पडते, कारण त्याच रानात त्यांचा कांदा फार चांगला येतो. संधी खर्च ज्याचा कमी, तौलनिक लाभ त्याचा : ज्वारीत काकूंचा, कांद्यात अण्णांचा. हा रकाना मुलांकडूनच भरून घ्या, आणि तो भरेपर्यंत 'व्यापार' हा शब्द फळ्यावर आणू नका.

प्रश्न : दोघांनी एकेकच पीक घेतलं की एकूण ज्वारी कमी होते. मग फायदा झाला हे मुलांना कसं पटवायचं?

मुलांची शंका रास्त आहे. आधी दोघे अर्धं-अर्धं रान लावत होते असं धरा. अण्णांकडे 20 क्विंटल ज्वारी, 200 कांदा. काकूंकडे 15 आणि 75. मिळून 35 ज्वारी, 275 कांदा. पूर्ण विभागणी केली की 30 ज्वारी आणि 400 कांदा होतो. बऱ्याच स्लाइड्स इथे दोन्ही पिकांचे क्विंटल एकत्र मिळवून 'उत्पादन वाढलं' म्हणतात. ते चूक आहे; क्विंटलभर ज्वारी आणि क्विंटलभर कांदा एका बेरजेत बसत नाहीत.

म्हणून ज्वारी 35 वरच ठेवा. काकूंनी सगळी ज्वारी घ्यावी, 30 क्विंटल. उरलेली 5 अण्णांनी अर्ध्या एकरात पिकवावी आणि साडेतीन एकर कांदा लावावा. तो 350 होतो. ज्वारी तेवढीच, कांदा 75 क्विंटल जास्त. यात शंकेला जागा राहत नाही.

आता काकू 15 क्विंटल ज्वारी देतात, क्विंटलमागे 7 क्विंटल कांदा घेतात, म्हणजे 105. त्यांच्या घरी ज्वारी पूर्वीइतकीच 15, कांदा 75 चा 105 झाला. अण्णांकडे ज्वारी पुन्हा 20, कांदा 245. काकूंना 30 वाढले, अण्णांना 45. ही शेवटची बेरीज, 30 आणि 45 मिळून 75, मुलांना स्वतः करू द्या. वाढीव कांदा कुणाकडे किती गेला, ते तिथे नेमकं दिसतं.

प्रश्न : सातचाच दर का? आठ किंवा चार का नाही?

आठ चालेल, चार नाही. काकू स्वतःच्या रानात एक क्विंटल ज्वारी कमी करून 5 क्विंटल कांदा काढू शकतात. चारला त्या ज्वारी कशाला देतील? अण्णा 10 च्या वर जाणार नाहीत, कारण 10 क्विंटल कांदा सोडला की क्विंटलभर ज्वारी घरीच पिकते. 5 ते 10 च्या मधला कुठलाही दर दोघांना परवडतो, पण वाटणी बदलते : दर 9 झाला तर काकूंना 60 वाढतात, अण्णांना 15. व्यापाराने दोघांचंही भलं होतं म्हणजे सारखंच भलं होतं, असं स्लाइडवर कधी लिहू नका.

प्रश्न : काही उदाहरणांत उत्पादनाऐवजी श्रम दिलेले असतात. तिथे माझं उत्तर उलटं येतं.

भागाकाराची दिशा उलटते म्हणून. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोचं 1817 चं मूळ उदाहरणच असं आहे. ठरावीक कापडासाठी इंग्लंडला वर्षभर 100 माणसं लागतात, ठरावीक वाइनसाठी 120. पोर्तुगालला कापडासाठी 90, वाइनसाठी 80. इथे आकडा लहान तो सरस. वाइनचा संधी खर्च काढताना वाइनचं श्रम वर आणि कापडाचं खाली : इंग्लंडला 120 भागिले 100, म्हणजे 1.2 कापड, पोर्तुगालला 80 भागिले 90, सुमारे 0.9. उत्पादनाच्या तक्त्यात याच्या उलट, ज्याचा खर्च काढायचा तो आकडा खाली जातो. स्लाइडच्या कोपऱ्यात 'क्विंटल' की 'माणसं' हे ठळक लिहिलंत की निम्म्या चुका टळतील.

प्रश्न : प्रत्यक्षात शेतकरी असं करत नाहीत. मुलांना काय सांगू?

तक्त्यात काय राहिलं ते सांगा. ज्वारीबरोबर कडबा येतो. दावणीला जनावरं असतील तर अण्णांनाही ज्वारी स्वस्त पडू शकते. कांद्याचा भाव कोसळला तर घरात खायला धान्य हवं, म्हणून माणूस दोन्ही पिकं राखतो. शिवाय वाहतूक आणि चाळीतली सड यांचा खर्च आहेच. इथे दोघांच्या संधी खर्चात फरक 5 क्विंटल कांद्याचा आहे. क्विंटलभर ज्वारीच्या बदल्यात तेवढा कांदा वाटेतच खर्ची पडला, तर देवघेव थांबते आणि दोघेही पुन्हा अर्धं-अर्धं रान लावतात.